नमस्काराला उठून उभे राहणारे भाई

भाई फोनवर कधीच 'हॅलो' म्हणत नसत. 'हॅलो' म्हणजे समोरचा कसा आहे हे कळायच्या आधीच दिलेलं उत्तर, असं त्यांचं म्हणणं. फोन आला की टेलिफोनच्या बोर्डावरची झाकणी खटकन पडे; मग ते वायर खोचायचे, कळ दाबायचे आणि एक श्वास गप्प राहायचे. समोरच्याने तोंड उघडलं की मग बोलायचे. नवीन माणसाला वाटे लाईन मेली. जुन्या माणसांना त्या श्वासाची सवय झाली होती.

गोव्यात, डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या ऑफिसात ते टेलिफोन ऑपरेटर होते. मी वजनकाट्याच्या पावत्या जुळवणारा कारकून. मी लाटंबार्श्याचा. आमच्याकडे काजू आणि भात सोडून तिसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. नोकरीला लागलो तेव्हा माझं टेबल भाईंच्या बोर्डाला लागूनच पडलं, आणि ते जेवायला गेले की बोर्ड मी सांभाळायचा असं ठरलं. त्यामुळे पुढे लिहितो त्यातलं बहुतेक मी स्वतः पाहिलेलं, ऐकलेलं आहे. जे दुसऱ्याकडून कळलं ते तसं सांगेन.

पहिल्या दिवशी मी आत शिरलो आणि मोठ्या उत्साहाने म्हटलं, "गुड मॉर्निंग, भाई."

भाईंनी मान वळवली. जबड्यापासून डोक्यापर्यंत मफलर बांधलेला, एक गाल सुजलेला.

"कोणाला?" त्यांनी दातांतून विचारलं.

"तुम्हाला."

"माझ्याकडे बघितलंस?" मी उत्तर शोधत असतानाच ते म्हणाले, "भायर वच आनी परत यो."

मी खरंच बाहेर गेलो. व्हरांड्यात उभं राहून विचार केला, परत आत आलो आणि म्हटलं, "भाई, दात?"

त्यांनी मान हलवली. नंतर दुपारी, दुखणं जरा कमी झाल्यावर म्हणाले, "दुसऱ्यांदा बरोबर. मला तोंड उघडावं लागलं नाही. ज्याला बोलायला त्रास होतो त्याला बोलायला लावेल असं काही म्हणू नये. तुझ्या गुड मॉर्निंगला मी गुड मॉर्निंग म्हणायचं, म्हणजे माझा दात तुझ्या कामाला."

मी आकड्यांचा माणूस. दोन बाजू जुळल्या की माझं समाधान होतं. भाईंचंही तसंच होतं, फक्त त्यांच्या बाजू वेगळ्या होत्या. समोरून जे आलं त्याच्या तोलाचं परत गेलं पाहिजे. कमी गेलं तर अपमान, जास्त गेलं तर ओझं.

याचा सगळ्यात विचित्र भाग असा की औपचारिक फोनला ते उठून उभे राहत. साखळीकडचे एक निवृत्त हेडमास्तर कंपनीकडे आपल्या शेतात येणाऱ्या गाळाची तक्रार करायला फोन करत. त्यांची सुरुवात ठरलेली: "नमस्कार. मी अमुक अमुक बोलतो आहे. आपण कोण बोलत आहात?" हे ऐकलं की भाई खुर्ची मागे सारत, शर्टाचं गळ्याचं बटण लावत आणि उभ्याने उत्तर देत: "नमस्कार, गुरुजी. मी ऑफिसचा ऑपरेटर बोलतो आहे. आपल्याला कोणाशी बोलायचं आहे?" पूर्ण वाक्यं, शेवटपर्यंत.

"ते कुठे बघतायत तुम्ही उभे आहात ते?" मी एकदा विचारलं.

"बसून बोललेला नमस्कार बसलेलाच ऐकू येतो," भाई म्हणाले. "छाती मोकळी होत नाही. आणि त्यांनी पुरा नमस्कार दिला, मी अर्धा परत देऊ? गाळाची तक्रार आहे त्यांची. आम्ही त्यांचं शेत खराब करतो, निदान त्यांचं वाक्य तरी खराब करू नये."

याच्या उलट, पाळी गावच्या खाणीवरचा फोरमन. त्याचा फोन म्हणजे, "भाई, सायबाक दी मरे," म्हणजे साहेबांना जोड. भाईंचा एक पाय खुर्चीवर, हातात उंड्याचा, म्हणजे पावाचा, तुकडा. "घे मरे," की जोडला. संपलं. एकदा भाई रजेवर असताना आमच्या नव्या स्टेनोने त्याच फोरमनला म्हटलं, "नमस्कार, आपण कोण बोलता आणि काय काम आहे?" फोरमन घाबरला. त्याला वाटलं आपल्याविरुद्ध काही चौकशी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून ऑफिसात आला आणि भाईंना बाजूला घेऊन विचारू लागला, "माझं काय चुकलं?" भाईंना हसू आवरेना. नंतर स्टेनोला म्हणाले, "त्याने दारातून सरळ स्वयंपाकघरात यावं तसा फोन केला, आणि तू त्याला पाट मांडून बसवलंस. पाहुणा केला की माणूस घाबरतो."

दमलेल्या माणसासाठी भाई पंखा बंद करत. संध्याकाळी पाळी सुटताना सुपरवायझरचा फोन यायचा. आवाज ऐकूनच भाईंचा हात पंख्याच्या बटणाकडे जायचा, म्हणजे त्याला आवाज चढवावा लागू नये. 'कसे आहात', 'काय म्हणता' हे ते चुकूनही विचारत नसत. "त्याला उत्तर बनवावं लागतं," ते म्हणत. विचारायचं ते असं, की 'होय' किंवा 'नाही' म्हटलं की पुरे. "मशीन बंद केलं? सकाळचा निरोप मी सांगू? बरं, ठेवतो." आणि फोन भाई स्वतः आधी ठेवत. दमलेल्या माणसाला संभाषण संपवायचंही काम असतं, तेही त्याच्याकडून काढून घ्यायचं. आवाज बारीक करत, पण कीव आणत नसत. "अरेरे दमलात, म्हटलं की तो आणखी दमतो."

चिडलेल्यांचे फोन मात्र रोजचे. ट्रकवाले, बार्जवाले, कोल्हापूर-बेळगावकडून आलेल्या मजुरांचे मुकादम. एक ट्रकमालक असा ओरडायचा की रिसीव्हर कानापासून लांब धरला तरी मला शब्द कळत. भाई त्याला ओरडू देत. मध्ये श्वास घ्यायला तो थांबला की म्हणत, "तुमचा ट्रक सकाळपासून उभा आहे, आणि कधी सुटणार ते कोणी सांगत नाही. बरोबर?" समोरून "हां" यायचं. तो "हां" आला की अर्धं काम झालं असं भाई समजत. मग, "मी काट्यावर विचारतो, तुम्ही फोन ठेवू नका." तेवढंच. शेवटपर्यंत 'शांत व्हा' नाही.

"शांत व्हा म्हटल्यावर शांत झालेला माणूस मला दाखव," ते म्हणत, "मी त्याचे पाय धुतो."

रडवेल्या आवाजाला ते नमस्कारही करत नसत. एका मुकादमाची बायको बाजारातल्या दुकानातून फोन करत होती. तिच्या तोंडून पहिला शब्दच निघेना. भाई म्हणाले, "मी आहे. सावकाश." आणि गप्प बसले. ती बोलायला लागल्यावर, ती कुठून बोलते आहे ते आधी विचारून घेतलं, लाईन तुटली तर फोन परत लावता यावा म्हणून. काय झालं हे तिने तिच्या क्रमाने सांगितलं. भाईंनी मध्ये एकही प्रश्न घातला नाही.

मी हे सगळं शिकत होतो, पण दमलेला आणि दुखावलेला यांतला फरक मला कळत नसे. दोघेही हळूच बोलतात. मी विचारलं तेव्हा भाई म्हणाले:

"दमलेला माणूस वाक्य सुरू बरं करतो, शेवटाला सोडून देतो. दुखावलेल्याची सुरुवातच अडते. शब्दाच्या आधी श्वास येतो. आणि तिसरा एक असतो, तो सगळ्यात कठीण. तो फार नीट बोलतो. रोज वाकडंतिकडं बोलणारा एखाद्या दिवशी नीट बोलला की समजावं, हाताने काहीतरी घट्ट धरून ठेवलंय. शब्द एक सांगतात आणि आवाज दुसरं सांगतो, तेव्हा आवाजाचं ऐकावं."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. पुढे ते भाईंनाच लागू होणार होतं.

एवढा विचार करणारा माणूस घरी कसा असेल, याची मला उत्सुकता होती. चतुर्थीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा काकींना विचारलं. काकी नेवऱ्या वाढता वाढता म्हणाल्या, "सगळं खाणवाल्यांना. आमकां मेळटा तो 'हूं'." भाई आतून म्हणाले, "हूं."

आता मुरगावकाराबद्दल. कंपनीचं एक ऑफिस मुरगाव बंदरावर होतं आणि आमच्या बोर्डावरून तिथे थेट लाईन होती. रोज सकाळी लाईन चालू आहे की नाही हे तपासायचं काम दोन्हीकडच्या ऑपरेटरांचं. तिकडचा ऑपरेटर एक ख्रिस्ती गृहस्थ. भाई त्याला मुरगावकारच म्हणत. नोकरीच्या सुरुवातीपासून दोघे रोज बोलत होते, पण एकमेकांना पाहिलं नव्हतं. एकाची रजा असली की दुसऱ्याला बोर्ड सोडता येत नसे, हे एक कारण. दुसरं भाई सांगत: "भेटलो तर तोंडाकडे बघून बोलावं लागेल. सवय नाही."

तपासणी अशी व्हायची. तिकडून विचारणा: "जिवो आसा मरे?" म्हणजे, आहेस का जिवंत. इकडून भाईंचा पाय खुर्चीवर: "आजून आसां." म्हणजे, अजून आहे. लाईन चालू. दोन माणसंही चालू. मग बंदराला किती बोटी, डिचोलीत माशांचा काय भाव, आणि वायर काढली. भाईंचा दिवस त्या दोन वाक्यांशिवाय सुरू झालेला मी पाहिला नव्हता.

मग राजभाषेचं आंदोलन पेटलं. कोंकणी की मराठी, यावर घराघरात भांडणं होती. भाई मराठी शाळेत शिकलेले, मराठी वर्तमानपत्र वाचणारे, भजनाला बसणारे. ते मराठीच्या बाजूचे. मुरगावकार कोंकणीच्या बाजूचा. गंमत म्हणजे दोघे एकमेकांशी कोंकणीतच बोलत, आणि एकमेकांना चिडवतही कोंकणीतच. "तुझी मराठी घे आनी कोल्हापुराक वचून राव," तो म्हणायचा. हे म्हणायचे, "तुझी कोंकणी लिहिताना आधी लिपी ठरव." दोघेही हसत.

रस्ते अडवले जाऊ लागले, बसवर दगड पडू लागले. कोण मारत होतं हे प्रत्येकजण आपापल्या बाजूने सांगत असे. मला खात्रीने माहीत नाही, म्हणून लिहीत नाही. खनिजाचे ट्रकही उभे राहिले. एक-दोन दिवस मुरगावहून लाईन तपासायला कोणी दुसराच माणूस आला. तिसऱ्या दिवशी मुरगावकार परत आला. मी शेजारीच होतो, सकाळच्या तपासणीला बोर्डाचा दुसरा रिसीव्हर माझ्या कानाला असे.

"नमस्कार," तो म्हणाला. "लाईन बरोबर चालू आहे का?"

शुद्ध मराठीत. एकेक शब्द निवडून ठेवल्यासारखा.

भाईंचा खुर्चीवर ठेवलेला पाय खाली आला. ते उभे राहिले. गळ्याचं बटण लावलं. "नमस्कार. लाईन चालू आहे." वायर काढली.

"टोमणा मारतो मला," ते बसता बसता म्हणाले. "मराठीवाल्याला मराठी नमस्कार. मारू दे. मलाही येतो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा नमस्कार, पुन्हा भाई उभे. तिसऱ्या दिवशी तेच. आठवडे गेले. आंदोलन थंडावलं, ट्रक सुरू झाले, पण सकाळी बोर्डावर दोन अनोळखी माणसं एकमेकांना लाईन चालू असल्याचं कळवत राहिली. भाई कोणाला काही बोलले नाहीत. पण चहाबरोबर आणलेला उंडा तसाच कागदात राही. पाववाल्या पोदेराच्या भोंग्याला रोज खिडकीतून "आयलों रे" म्हणणारा माणूस खिडकीकडे बघेना. एकदा दुपारी उगाच म्हणाले, "इतक्या वर्षांत मी त्याला काय कमी दिलं?"

मी म्हटलं, "तुम्ही विचारा ना त्यालाच."

"त्याने नमस्कार केला आहे. नमस्काराला प्रश्न विचारत नाहीत."

हे त्यांच्याच नियमात बसत होतं. पण माझ्या मनात दोन बाजू जुळत नव्हत्या. टोमणा मारणारा माणूस आज ना उद्या पुढचा टोमणा मारतो. हा माणूस रोज तेवढेच शब्द बोलत होता, तसेच, त्याच सुरात.

एका सकाळी त्याचा नमस्कार आला आणि 'लाईन बरोबर चालू' म्हणेपर्यंत आवाज खाली गेला. 'आहे का' ऐकूच आलं नाही. भाई उभे होते. त्यांचा हात आपोआप पंख्याच्या बटणाकडे गेला. पंखा थांबला. "चालू आहे," ते म्हणाले, हळू. तिकडून वायर निघाली.

भाईंनी आपलीही वायर काढली. मग मला म्हणाले, "पहिल्या दिवशी तो कसा बोलला होता?"

"नीट," मी म्हटलं. "फार नीट."

ते खुर्चीत बसले. "मी शब्दाला उत्तर दिलं रे," ते म्हणाले. "रोज उभा राहून."

दुसऱ्या दिवशी मुरगावची झाकणी पडली तेव्हा ते उभे राहिले नाहीत. पायही खुर्चीवर घेतला नाही. पंखा आधीच बंद होता. त्यांनी वायर खोचली आणि तो श्वासभर थांबले.

"नमस्कार. लाईन बरोबर..."

"तुजो आवाज बरो ना," भाई म्हणाले. "हांव आयकतां. सांगपाची गरज ना." मी ऐकतोय, सांगायची सक्ती नाही, एवढंच.

तिकडे काहीच नाही. लाईनवर बंदराचा आवाज येत होता, लांबून क्रेनचा. मी भाईंच्या जागी असतो तर काहीतरी बोललो असतो. ते फक्त रिसीव्हर धरून राहिले.

"पुताचो पांय मोडला," शेवटी तो म्हणाला. "बसीचेर फातर मारले, तेन्ना तो भितर आशिल्लो. काच, मागीर बस खड्ड्यांत. डॉक्टर म्हणटात चलतलो काय ना, सांगूं नजो."

दगड पडले त्या बसमध्ये त्याचा मुलगा होता. पाय चालेल की नाही, डॉक्टर सांगू शकत नव्हते.

"त्या दिसा तुका 'जिवो आसा' म्हणपाक गेलों," तो म्हणाला, "आनी तोंडांतल्यान शब्द भायर सरना. हॉस्पिटलांतल्यान सरळ आयिल्लों. मागीर नमस्कार म्हटलें. तुका खबर आसतली अशें दिसलें." बातमी भाईंपर्यंत पोचली असेल, असं त्याला वाटलं होतं.

"म्हाका खबर नाशिल्ली," भाई म्हणाले. एवढंच. माफी मागितली नाही, आपली बाजू मांडली नाही, धीर धर म्हटलं नाही. त्या घटकेला त्यातलं काही दिलं असतं, तर ते स्वीकारायचं काम त्याच्यावर पडलं असतं. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पूत जेवता?"

"थोडें."

तो हळूहळू सांगू लागला. इकडे बोर्डावर झाकण्या पडू लागल्या. एक पडली, दुसरी, मग साहेबांची. भाईंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी उठून बाजूच्या वायरी धरल्या आणि जमतील तेवढे फोन जोडले. पण साहेबांना मुरगावचीच लाईन हवी होती. ती एकच होती आणि ती भाईंच्या हातात होती. जरा वेळाने केबिनचं दार उघडलं.

"काय चाललंय इथे?" साहेब मोठ्याने म्हणाले. "बोट उभी आहे तिकडे. कोणाला काही पडलेलं आहे की नाही?"

मी तोंड उघडायच्या आधी एक श्वास घेतला. "साहेब, तुमचा मुरगावचा फोन अडकून आहे आणि तिकडे बोट उभी आहे," मी म्हटलं. "बरोबर?"

"हां," साहेब म्हणाले.

तो 'हां' ऐकून मला मनातल्या मनात हसू आलं. "पोस्टाच्या लाईनने बंदर आत्ता लावून देतो. तुम्ही केबिनमध्ये बसा, तिथेच देतो." साहेब काही क्षण भाईंच्या पाठीकडे बघत उभे राहिले आणि आत गेले. मी ट्रंक कॉल बुक केला. लागायला वेळ लागला, पण लागला. त्यांनी त्याबद्दल नंतर कधी विचारलं नाही.

पुढचे महिने सकाळी दोघांचं बोलणं चाले ते मोजकं. ना नमस्कार, ना तो विनोद. "बरो?" "तसोच." "घरकान्न?" म्हणजे बायको. "न्हिदली काल." म्हणजे झोपली. भाई ना उभे राहत, ना पाय वर घेत, साधे बसून बोलत. मी एकदा म्हटलं, तुम्हीच सुरू करा ना पूर्वीसारखं. ते म्हणाले, "तो शब्द त्याच्याकडे अडकला आहे. मी इथून ओढून काढायचा नाही."

गोवा घटक राज्य झालं त्या दिवसांत ऑफिसात पेढे वाटले गेले. भाषेचा निकाल कोंकणीच्या बाजूने आधीच लागला होता, कोणी खूश, कोणी नाराज. भाई नाराज होते आणि तरी दोन पेढे खाऊन मोकळे झाले होते. त्या सुमारास एका सकाळी मुरगावची झाकणी पडली. भाईंनी वायर खोचली, एक श्वास थांबले.

तिकडून खाकरल्याचा आवाज आला.

"पूत बडी घेवन चलता," मुरगावकार म्हणाला. काठी घेऊन का होईना, मुलगा चालू लागला होता. आणि मग: "जिवो आसा मरे?"

भाईंनी खुर्ची मागे सारली. ते उभे राहिले. गळ्याचं बटण लावायला गेले, ते पटकन लागेना. दोन्ही हात लागले, म्हणून रिसीव्हर खांद्याने धरला. बटण लागल्यावरच बोलले.

"आजून आसां."

मग वायर काढून ते बसले आणि मी त्यांच्याकडे बघत होतो हे त्यांना दिसलं.

"कितें पळयता?" भाई म्हणाले. "पावत्या जुळव."